नऊ महिन्यांचं सरळव्याज : ३०,००० वर 'शेकडा दोन' म्हणजे नक्की किती?

सारिका_पाटोदा

नमस्कार. आमच्या महिला बचत गटाची हिशेबाची वही या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. आधीच्या सचिव ताई लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. माझं शिक्षण दहावीपर्यंत, आणि व्याजाची गणितं सोडून बरीच वर्षं झाली, म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून विचारते.

गटातल्या एका बाईने १२ जूनला ३०,००० रुपये उचलले. पेरणी आणि पोरांच्या शाळा एकदमच आल्या होत्या. आता १२ मार्चला ती कर्ज मिटवणार आहे, म्हणजे नऊ महिने झाले. वहीत दर 'शेकडा दोन' असा लिहिलाय. माझी मुलगी आठवीत आहे. तिने पुस्तकातल्या सूत्राने ४५० रुपये व्याज काढलं. आमच्या अध्यक्ष काकू तोंडी हिशेब करून म्हणाल्या ५,४०० होतात. दोघीही आपापल्या जागी ठाम आहेत. बाईला मी किती सांगू? आणि नुसता आकडा नको, कसा आला तेही समजावून सांगा, कारण पुढच्या महिन्यात अजून दोन कर्जं मिटणार आहेत.

फिरस्ता

सारिकाताई, सोपं आहे. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले १००. फक्त दर आणि मुदत दोन्ही वर्षाच्या हिशेबात हवेत. गावाकडे शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, तर वर्षाला २४ झाले. नऊ महिने म्हणजे ०.९ वर्ष. आता ३०,००० × २४ × ०.९ ÷ १००. उत्तर ६,४८० रुपये. काकूंचा आकडा कमी पडतोय.

सारिका_पाटोदा

आता तीन आकडे झाले :( ४५०, ५,४०० आणि ६,४८०.

खतावणी

सारिकाताई, घाबरू नका. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि कोण कुठे घसरलं ते दाखवता येतं. मी जिल्हा बँकेच्या शेती शाखेत आयुष्यभर कर्जाच्या खतावण्या लिहिल्या, तेव्हा मला ज्या क्रमाने शिकवलं त्याच क्रमाने सांगतो. वही-पेन घेऊन बसा.

सगळ्यात आधी सूत्र बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : हा दर किती काळाचा? शाळेच्या पुस्तकात 'द.सा.द.शे. २' असतं, म्हणजे दर साल दर शेकडा, शंभर रुपयांना वर्षाला दोन रुपये. तुमच्या मुलीने तेच धरलं आणि त्या हिशेबाने तिचं ४५० अगदी बरोबर आलं. तिच्या गणितात चूक नाही. पण बचत गटात, हातउसन्यात, सावकारीत 'शेकडा दोन' म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. शंभराला महिन्याला दोन. म्हणून अध्यक्ष काकूंचा आकडा मुलीच्या आकड्याच्या बरोबर बारा पट आहे. ४५० गुणिले १२ करून बघा. दोन उत्तरांत बारा पटीचा फरक दिसला की समजायचं, एकाने महिन्याचा दर धरलाय आणि दुसऱ्याने वर्षाचा.

आता तुमचं गणित. ३०,००० मध्ये शंभर किती? ३००. प्रत्येक शंभराला महिन्याला २ रुपये, म्हणजे ३०० × २ = ६०० रुपये महिन्याचं व्याज. सरळव्याजात मुद्दल आहे तेवढंच राहतं, म्हणून दर महिन्याला हेच ६०० पडतात, जूनचे वेगळे आणि जानेवारीचे वेगळे असं काही नाही. नऊ महिन्यांचे ६०० × ९ = ५,४००. झालं. मुद्दल धरून बाईने भरायची रक्कम ३५,४००.

हाच हिशेब वर्षाच्या बाजूने पडताळून बघा. महिन्याला २ म्हणजे वर्षाला २४. ३०० शंभरांचे वर्षाचे २४ प्रमाणे ७,२०० रुपये. नऊ महिने म्हणजे पाऊण वर्ष. पाऊण काढायला भागाकाराचीही गरज नाही. ७,२०० चं निम्मं ३,६००, हे सहा महिन्यांचं. त्याचं निम्मं १,८००, हे उरलेल्या तीन महिन्यांचं. दोन्ही मिळून ५,४००. दोन वाटांनी गेलो आणि एकाच आकड्यावर पोचलो, तेव्हा वहीत पेनाने लिहायला हरकत नाही.

फिरस्ता यांचा दर बरोबर आहे, मुदत चुकली. नऊ महिने हे दहातले नऊ नाहीत, बारातले नऊ आहेत. ९ ÷ १२ = ०.७५. त्यांनी ०.९ वर्ष घेतलं म्हणजे १२ × ०.९ = १०.८ महिन्यांचं व्याज लावलं, जवळपास पावणेदोन महिन्यांचं जास्त. बाईला १,०८० रुपयांचा फटका बसला असता.

फिरस्ता

बरोबर, ०.७५ हवं. पण काका, मग सूत्रात सरळ ९ च टाकले तर?

खतावणी

दर कोणता घेता त्यावर आहे. दर महिन्याचा घेतला (२) तर मुदत महिन्यांत घ्या (९) : ३०,००० × २ × ९ ÷ १०० = ५,४००. दर वर्षाचा घेतला (२४) तर मुदत वर्षात घ्या (९/१२). दर आणि मुदत एकाच मापाचे पाहिजेत, एवढं सांभाळलं की सूत्र कुठेही फसवत नाही. वर्षाचा २४ घेऊन त्याला ९ ने गुणलं तर ६४,८०० येतात. मुद्दलाच्या दुपटीहून जास्त व्याज नऊ महिन्यांत! असा आकडा आला की लगेच थांबा आणि मुदत तपासा.

आकडा योग्य आहे की नाही हे ओळखायची अजून एक खूण. नऊ महिने हे सहा आणि बारा यांच्या बरोबर मधे येतात. म्हणून नऊ महिन्यांचं व्याज सहामाही आणि वार्षिक व्याजाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. ३,६०० आणि ७,२०० चा मध्य ५,४००. ६,४८० या दोघांच्या मधे आहे खरा, पण मध्यावर नाही, वर्षाच्या बाजूला झुकलाय. नुसतं 'वर्षापेक्षा कमी आलं ना' एवढ्यावर भागवलं असतं तर ही चूक निसटली असती.

अक्षय_एमएच१४

मी मोटरसायकलसाठी कर्ज घेतलं, त्याचे ९ हप्ते भरून झाले आहेत. मला सांगितलेला दर ११ टक्के फ्लॅट होता. मग माझं नऊ महिन्यांचं व्याजही याच रीतीने निघेल ना? पाऊण वर्षाचं?

खतावणी

नाही अक्षय, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे पूर्ण रक्कम नऊ महिने बाईकडेच होती, तुम्ही दर महिन्याला मुद्दलाचा थोडा भाग परत करताय. फ्लॅट दरात पूर्ण मुदतीचं व्याज मूळ रकमेवर आधीच काढून हप्त्यांत वाटलेलं असतं. नऊ हप्त्यांत किती व्याज गेलं हे हप्त्यांच्या तक्त्यात बघावं लागेल, कर्ज देणाऱ्याकडून तो मागून घ्या. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

सारिका_पाटोदा

काका, खूप आभार. निम्मं आणि निम्म्याचं निम्मं ही रीत मुलीलाही आवडली. आता दोन गोष्टी अडल्या आहेत.

एक, मी बोटांवर मोजलं तर जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे दहा होतात. मग नऊ कसे?

दुसरी गोष्ट मी आधी सांगायला हवी होती, पण मला वाटलं तिने काही फरक पडत नाही. ही बाई आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. १२ नोव्हेंबरला मुकादमाकडून उचल मिळाली तेव्हा जाता जाता तिने गटात १०,००० भरून टाकले. त्याआधीचं दर महिन्याचं व्याज तिने दिलेलं नव्हतं. उचल आल्यावर बघू, असं बैठकीत ठरलं होतं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे कर्ज ३०,००० चं होतं, तर व्याज ५,४०० च, आणि १०,००० वजा करून तिने २५,४०० द्यावेत.

खतावणी

आधी महिने. महिना नावाने मोजायचा नाही, तारखेपासून तारखेपर्यंत मोजायचा. १२ जून ते १२ जुलै हा एक. १२ जुलै ते १२ ऑगस्ट दुसरा. असं करत १२ फेब्रुवारी ते १२ मार्च हा नववा. जूनही अर्धवट, मार्चही अर्धवट, आणि तुम्ही दोन्ही पूर्ण धरले म्हणून दहा झाले. त्याने ६०० रुपये जास्तीचे लागले असते.

दशांश_चिन्ह

खरं तर दिवस मोजायला हवेत. १२ जून ते १२ मार्च २७३ दिवस होतात (फेब्रुवारी २८ चा धरून). ३०,००० × २४ × २७३ ÷ ३६,५०० केलं तर ५,३८५ रुपये येतात. बँका दिवसांवरच व्याज लावतात.

खतावणी

बँका लावतात, खरं आहे. २७३ दिवस म्हणजे ३६५ च्या पाऊणपेक्षा किंचित कमी, म्हणून १५ रुपयांचा फरक. पण गटाने दर महिन्याचा ठरवलाय, दिवसाचा नाही. तारखा जुळत असताना महिनेच धरावेत. बाई १२ ऐवजी २० मार्चला आली तर मात्र प्रश्न येतो. वरच्या आठ दिवसांचं व्याज आठ दिवसांचंच घ्यायचं की पूर्ण महिन्याचं, हे गटागटाप्रमाणे वेगळं असतं. पूर्ण महिना धरणारे गट मी पाहिलेत. मला ते पटत नाही, पण नियम तसा लिहिलेला असेल तर सचिवाला तोच लावावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. ताई, ते १०,००० कळल्यावर हिशेब पूर्ण बदलतो. सरळव्याज हे रकमेवर लागतं आणि ती रकम जितके दिवस तिच्याकडे आहे तितकेच दिवस लागतं. १२ नोव्हेंबरनंतर ते १०,००० तिच्याकडे नव्हतेच, गटाच्या पेटीत होते, कदाचित दुसऱ्या कुणाला कर्जाने गेलेही असतील. मग त्यांचं व्याज तिने का द्यावं?

म्हणून मुदत दोन तुकड्यांत तोडायची. पहिला तुकडा १२ जून ते १२ नोव्हेंबर, पाच महिने, रक्कम ३०,०००. व्याज ६०० × ५ = ३,०००. दुसरा तुकडा १२ नोव्हेंबर ते १२ मार्च, चार महिने, रक्कम २०,०००. आता शंभर २०० राहिले, महिन्याचं व्याज ४००, चार महिन्यांचे १,६००. एकूण व्याज ४,६००. मार्चमध्ये तिने द्यायचे २०,००० + ४,६०० = २४,६००.

काकूंच्या ५,४०० मध्ये ८०० जास्त आहेत. ते कुठून आले तेही तपासता येतं : परत केलेल्या १०,००० वरचं महिन्याला २०० प्रमाणे चार महिन्यांचं व्याज. अगदी ८००.

सीआरपी_मंगल

मी उमेदच्या गटांसोबत काम करते. काकांचं गणित मला मान्य आहे, पण एका जागी थांबते. नोव्हेंबरला तिने १०,००० भरले तेव्हा ३,००० व्याज थकलेलं होतं. आमच्याकडे आलेल्या पैशातून आधी व्याज वळतं करतात, उरलेलं मुद्दलात जातं. तसं केलं तर १०,००० तले ३,००० व्याजात गेले आणि ७,००० मुद्दलात. बाकी २३,००० राहिली. तिचं महिन्याचं व्याज ४६०, चार महिन्यांचं १,८४०. एकूण व्याज ३,००० + १,८४० = ४,८४०. मार्चला तिने द्यायचे २३,००० + १,८४० = २४,८४०.

सारिका_पाटोदा

मंगलताई, म्हणजे काकांच्या आणि तुमच्या हिशेबात २४० चा फरक आला. एवढा कसा आला? दोघांनी दर तोच घेतलाय, महिने तेच घेतलेत.

सीआरपी_मंगल

त्या ३,००० मुळे ताई. काकांच्या हिशेबात ते व्याज मार्चपर्यंत नुसतं बाजूला लिहून ठेवलंय, त्याच्यावर काही चढत नाही. माझ्या हिशेबात ते नोव्हेंबरलाच फिटलं, म्हणून मुद्दल ३,००० ने जास्त शिल्लक राहिलं. ३,००० चं महिन्याचं व्याज ६०, चार महिन्यांचे २४०. बाकी सगळं सारखंच आहे.

फिरस्ता

मग हे चक्रवाढ झालं ना? थकलेल्या व्याजावर व्याज.

खतावणी

नाही, चक्रवाढ नाही. चक्रवाढीत न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावतात. मंगलताईंच्या हिशेबात ३,००० व्याज भरलंच गेलंय, रोख आलेल्या पैशातून. मुद्दल कुठेही ३०,००० च्या वर गेलेलं नाही. तुलनेसाठी सांगतो, हेच ३०,००० नऊ महिने महिन्याच्या चक्रवाढीने ठेवले असते आणि मधे काहीच भरलं नसतं तर व्याज ५,४०० ऐवजी साधारण ५,८५३ झालं असतं.

मंगलताई म्हणतात ती रीत बँकेतही चालते, आधी व्याज मग मुद्दल. पण सारिकाताईंच्या प्रकरणात मी मुद्दलाकडे झुकलो, कारण बैठकीनेच तिला व्याजासाठी थांबायची मुभा दिली होती. नोव्हेंबरला तिने पैसे देताना काय सांगितलं आणि पासबुकात ती रक्कम कोणत्या रकान्यात लिहिली, ते बघा.

सीआरपी_मंगल

उचल आल्यावर बघू याचा अर्थ उचल आल्यावर व्याज घेऊ असाच होतो ना काका? मुभा नोव्हेंबरपर्यंतचीच होती. मी तर आधी व्याजच वळतं करीन. गटाच्या पेटीतलं व्याज सगळ्या बायकांचं असतं, एकीला सूट दिली की दुसऱ्या दहाजणी विचारतात.

खतावणी

तुमचा मुद्दा कमकुवत नाही. पण वहीत 'मुद्दल जमा १०,०००' लिहिलं असेल तर मार्चमध्ये मागे जाऊन ते व्याजात वळवणं मला योग्य वाटत नाही. तिने त्या नोंदीवर विसंबून पुढचे चार महिने काढलेत.

राजा_केजकर

तुमचे शेकडा दोन बघून बरं वाटलं. माझ्या वडिलांनी गावातल्या एकाकडून २०,००० घेतले, शेकडा पाच. त्याचेही नऊ महिने झाले. तो ९,००० व्याज मागतोय. वरच्या रीतीने मी काढलं : २०० शंभर, पाच प्रमाणे महिन्याला १,०००, नऊ महिन्यांचे ९,०००. म्हणजे त्याचा हिशेब बरोबर आहे का? सोन्याची अंगठीही ठेवून घेतलीय त्याने.

खतावणी

राजाभाऊ, गुणाकार बरोबर आहे, दर बरोबर नाही. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला ६०. महाराष्ट्रात सावकारीवर २०१४ चा नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारानेही शेतकऱ्याला तारण ठेवून दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ पेक्षा जास्त आणि विनातारण कर्जावर १२ पेक्षा जास्त घ्यायचं नाही, असे दर ठरवलेले आहेत. शेतकरी नसलेल्यांसाठी तेच १५ आणि १८. वडील शेतकरी असतील आणि अंगठी तारण असेल तर २०,००० वर ९ दराने वर्षाचे १,८००, नऊ महिन्यांचे पाऊण म्हणजे १,३५०. तो ९,००० मागतोय. आणि परवाना नसेल तर त्याला हा धंदाच करता येत नाही. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. चिठ्ठी, अंगठीचं वजन, पैसे दिल्याच्या तारखा, जे काही लेखी आहे ते जपून ठेवा. काहीच लेखी नसेल तर निदान तारखा आणि त्या वेळी कोण हजर होतं ते आजच लिहून काढा.

राजा_केजकर

चिठ्ठी त्याच्याकडेच आहे. वडील म्हणतात गावात राहायचंय, वाद नको. बघतो.

दशांश_चिन्ह

सारिकाताई, मंगलताई आणि काका यांचं पटलं नाही तरी एक गोष्ट दोघांच्याही हिशेबात सारखी आहे : पैसे आल्याच्या तारखेला मुदत तोडायची. पुढच्या कर्जांसाठी वहीत चार रकाने आखा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, त्या काळातली बाकी रक्कम, त्या काळाचं व्याज. पैसे आले की नवी ओळ सुरू करा. तिने १०,००० चार वेळा अडीच अडीच हजार करून भरले असते तरी अडलं नसतं, ओळी तेवढ्या वाढल्या असत्या.

सारिका_पाटोदा

आखले रकाने. काकू शेजारीच बसल्या होत्या, त्यांनाही ८०० कुठून आले ते पटलं. त्यांचं म्हणणं होतं की आपण आजवर सगळ्यांकडून असंच घेतलंय. म्हणजे जुन्या कर्जांतही हे झालं असणार, आणि ते पैसे आता परत द्यायचे का, हा वेगळाच विषय निघालाय.

पासबुक बघितलं. १२ नोव्हेंबरच्या ओळीत नुसतं 'जमा १०,०००' आहे. मुद्दल की व्याज काहीच लिहिलेलं नाही. ठराव वहीतही 'उचल आल्यावर' एवढंच आहे. आता २४,६०० आणि २४,८४० दोन्ही आकडे घेऊन शनिवारच्या बैठकीत जाते. बाई अजून कारखान्यावरच आहे, पण फोनवर तिने सांगितलं की तिने मुद्दल म्हणूनच दिले होते.

सीआरपी_मंगल

मग ते बैठकीत तिच्या नावाने सांगा आणि जे ठरेल ते सभावृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि यापुढे पैसे आले की पासबुकात 'व्याज इतके, मुद्दल इतके' असं त्याच दिवशी वेगळं लिहा. जुन्या कर्जांचं काय झालं तेही इथे कळवा, माझ्या दोन गटांत तोच प्रश्न आहे.